पट्टीचं बंडल नेमकं कितीला पडलं?

सोलापुरातला एखादा छोटा इलेक्ट्रिकल होलसेलर डोळ्यांसमोर आणा. माल मुंबईच्या लोहार चाळीतून ट्रान्सपोर्टने येतो आणि बार्शी, पंढरपूर, अक्कलकोटच्या दुकानदारांना जातो. पार्टीचा फोन येतो, “शेठ, बल्बचा काय भाव लावणार?” आणि भाव तिथल्या तिथे सांगावा लागतो. खरेदीचा दर डोक्यात असतो, त्यावर ‘दहा-बारा टक्के’ चढवून आकडा तोंडातून बाहेर पडतो. वर्ष संपताना विक्री भरपूर दिसते, पण पैसा कुठे गेला ते कळत नाही. हा पैसा बहुतेक वेळा चोरीला गेलेला नसतो. भाडं चुकीच्या मालावर टाकलं जातं, सूट चुकीच्या आकड्यावर दिली जाते आणि टक्के चुकीच्या बाजूने मोजले जातात. एक्सेलच्या दोन शीटमध्ये या तिन्ही गळती बंद करता येतात. त्यासाठी मॅक्रो लागत नाही की महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

आपण एकच लॉट घेऊन तो शेवटपर्यंत नेऊ. आकडे हिशेबाला सोपे पडावेत असे धरले आहेत. लॉटमध्ये १,००० एलईडी बल्ब आहेत, दर ६० रुपये. एमसीबी १२० आहेत, दर १५० रुपये. वायरिंगच्या केसिंग पट्टीची ३० बंडलं आहेत, दर ४०० रुपये. हे सगळे दर जीएसटी सोडून आहेत. मालाची किंमत झाली ९०,००० रुपये आणि लोहार चाळीतून दुकानापर्यंतचं भाडं व हमाली मिळून ४,५०० रुपये.

दर जीएसटी सोडून का धरायचे, हे आधी पाहू. नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं आणि विक्रीवर घेतलेला कर सरकारला जातो. म्हणजे कर त्याच्या हातातून जातो, खिशात राहत नाही. करासकट खरेदी आणि करासकट विक्री यांची वजाबाकी करून नफा काढला, तर सरकारचा थोडा पैसा आपलाच वाटायला लागतो. बिल्टीवरच्या भाड्याचंही असंच आहे. अनेकदा त्यावरचा ५ टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने भाडं देणाऱ्यालाच भरावा लागतो, पण त्याचंही क्रेडिट मिळत असल्यामुळे तो खर्चात धरायचा नाही. कंपोझिशन योजनेतल्या व्यापाऱ्याचा हिशेब मात्र उलटा आहे. त्याला क्रेडिट नाही आणि बिलावर कर लावायची मुभाही नाही, म्हणून त्याने खरेदीचा दर करासकटच टाकायचा आणि उलाढालीवर भरावा लागणारा १ टक्का खर्चात वेगळा धरायचा.

आता भाड्याकडे येऊ, कारण माझ्या मते खरी मेख इथेच आहे. बहुतेक जण भाडं मालाच्या किमतीवर वाटतात. ९०,००० च्या मालाला ४,५०० भाडं म्हणजे ५ टक्के, मग प्रत्येक वस्तूवर ५ टक्के चढवले की झालं. या हिशेबाने बल्ब ६३ ला पडतो, एमसीबी १५७.५० ला आणि पट्टीचं बंडल ४२० ला. पण ट्रान्सपोर्टवाला किंमत बघून भाडं लावत नाही, तो वजन आणि जागा बघतो. १२० एमसीबी एका खोक्यात मावतात, ३० बंडलं टेम्पोचा अर्धा हौदा अडवतात.

म्हणून भाडं जागेनुसार वाटायचं. त्याला टेप घेऊन बसायची गरज नाही. सगळ्यात लहान नग एक भाग धरायचा आणि बाकीचा माल त्याच्या किती पट जागा खातो ते अंदाजाने लिहायचं. एमसीबीचं खोकं १ भाग, बल्बचे दहा कार्टन मिळून ८ भाग, पट्टी २१ भाग. एकूण ३० भाग झाले, म्हणजे एका भागाला १५० रुपये भाडं. पहिल्या शीटवर A कॉलममध्ये वस्तू, B मध्ये नग, C मध्ये खरेदी दर आणि D मध्ये भाग लिहा. एकूण भाडं H1 या एकाच सेलमध्ये ठेवा. मग E2 मध्ये एका नगावरचं भाडं आणि F2 मध्ये घरात पडलेली किंमत:

```
=$H$1*D2/SUM($D$2:$D$4)/B2
=C2+E2
```

उत्तरं बघा. बल्बवर भाडं १.२० रुपये, तो ६१.२० ला पडला. एमसीबीवर १.२५, म्हणजे १५१.२५. आणि पट्टीच्या एका बंडलावर १०५ रुपये भाडं बसलं, म्हणजे ४०० चं बंडल दुकानात आलं ५०५ ला.

समजा दुकानदाराला १५ टक्के मार्जिन हवं आहे. किमतीवर भाडं वाटणारा माणूस ४२० ला ०.८५ ने भागून पट्टी ४९४ ला विकेल. प्रत्यक्षात ती ५०५ ला पडलेली असल्याने दर बंडलामागे त्याचे ११ रुपये जातील, आणि त्याला वाटेल की ७४ रुपये सुटले. तोच माणूस एमसीबीला १८५ सांगेल, जेव्हा १७८ मध्येही त्याचे १५ टक्के निघत होते. याचा परिणाम बाजारात लगेच दिसतो. पट्टीची गिऱ्हाइकं त्याच्याकडे रांग लावतात आणि एमसीबी शेजारच्या दुकानातून जाते. एखादा अवजड, स्वस्त माल ‘आपल्याकडे फार चालतो’ आणि छोटा, महाग माल पडून राहतो, असं दिसलं तर आधी भाड्याची वाटणी तपासावी.

वरच्या सूत्रातली डॉलरची चिन्हं विसरू नका. ती नसतील तर सूत्र खाली ओढताना H1 चं H2 होतं. H2 रिकामा असतो, एक्सेल त्याला शून्य समजतं आणि दुसऱ्या ओळीपासून पुढे सगळं भाडं शून्य दाखवतं. एररही येत नाही. ताळा सोपा आहे. प्रत्येक ओळीतलं भाडं गुणिले नग, यांची बेरीज ४,५०० आलीच पाहिजे:

```
=SUMPRODUCT(B2:B4,E2:E4)-H1
```

इथे शून्याशिवाय काहीही दिसलं तर पुढे जायचंच नाही.

खरेदीचा दर टाकतानाही एक ठेच लागते. कंपनीची प्राइस लिस्ट ‘४० लेस ५’ अशी असते. १०० च्या मालावर आधी ४० गेले, उरले ६०, मग त्या ६० चे ५ टक्के म्हणजे ३ गेले. दर ५७ झाला, ५५ नव्हे. C कॉलममध्ये लिस्टचा भाव गुणिले `(1-40%)*(1-5%)` असंच लिहावं. ‘दहावर एक फ्री’ची स्कीमही तोंडी हिशेबात १० टक्के म्हणून धरली जाते. पैसे दहाचे आणि नग अकरा, म्हणजे सूट ९.०९ टक्के.

आता विक्रीचा दर. दुसऱ्या शीटवर बल्बचा हिशेब मांडू. पंढरपूरच्या दुकानदाराला बिलात ५ टक्के सूट द्यायची आहे. सात दिवसांत पैसे दिले तर वर २ टक्के सीडी, म्हणजे कॅश डिस्काउंट. माल पोचवायचं भाडं आपल्याकडे, कार्टनला १३० म्हणजे बल्बमागे १.३० रुपये. एवढं सगळं जाऊन विक्रीच्या रकमेवर १२ टक्के सुटले पाहिजेत.

सवयीची पद्धत अशी आहे. ६१.२० अधिक १.३० म्हणजे ६२.५० खर्च. त्यावर १२ टक्के चढवले, झाले ७० रुपये. सूट ५ आणि २ म्हणजे ७ टक्के, तेही चढवले, ७४.९०. हा दर सांगितला आणि दोन्ही सुटी दिल्या की हातात येतात ६९.७३. सुटले ७.२३, म्हणजे १०.४ टक्के. बारा कुठे गेले? खर्चावर चढवलेले १२ टक्के आणि विक्रीतून उरलेले १२ टक्के ही दोन वेगळी मापं आहेत. १०० च्या मालावर २० चढवून १२० ला विकलं तर विक्रीतले १६.६७ टक्केच उरतात. विक्रीतले पुरे २० हवे असतील तर १०० ला ०.८० ने भागून १२५ सांगावे लागतात. सूटही अशीच. सूट वजा होते ती मोठ्या आकड्यातून, म्हणून ती चढवतानाही भागाकारच करावा लागतो.

सीडीमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. दुकानदार २ टक्के कशावर कापतो? बिलाच्या एकूण रकमेवर, करासकट. १०० च्या मालाचं बिल ११८ चं असेल, तर तो २.३६ रुपये कापून पैसे देतो. सरकारला मात्र आपण १८ पूर्ण भरलेले असतात. म्हणजे ‘दोन टक्के’ म्हणत आपण २.३६ टक्के दिले. बिलातच दाखवलेली सूट करपात्र रकमेतून वजा होते. नंतर दिलेल्या सुटीवरचा कर कमी करून घ्यायचा असेल तर त्याच्या अटी आहेत आणि जीएसटीची क्रेडिट नोट काढावी लागते. छोटे व्यापारी सहसा त्या भानगडीत पडत नाहीत, साधी क्रेडिट नोट देऊन मोकळे होतात. आपली पद्धत कोणती, ते कर सल्लागाराला विचारून एकदा ठरवावं. खालचं सूत्र साध्या क्रेडिट नोटसाठी आहे.

B1 ते B7 मध्ये ओळीने हे टाका: पडलेली किंमत 61.20, जाण्याचं भाडं 1.30, बिलातली सूट 5%, सीडी 2%, जीएसटी 18%, हवं असलेलं मार्जिन 12% आणि भाव किती पैशांच्या टप्प्याने सांगायचा ते 0.5. मग B8 आणि B9 मध्ये:

```
=(B1+B2)/(1-B6)/((1-B3)*(1-B4*(1+B5)))
=CEILING(B8,B7)
```

पहिल्या सूत्राचं उत्तर ७६.५७ येतं, दुसरं त्याला पन्नास पैशांच्या वरच्या टप्प्यावर नेऊन ७७ करतं. सवयीच्या ७४.९० पेक्षा हा भाव २.१० रुपयांनी जास्त आहे. बाजारात ७७ मिळणार नसेल तर कमी भाव घ्यावाच लागेल. मात्र किती सोडतोय ते माहीत असून तो घेतला जाईल.

सूत्र बरोबर आहे हे कशावरून ठरवायचं? त्याच सूत्राकडे पुन्हा बघून चूक सापडत नाही. म्हणून खाली उलट्या वाटेने हिशेब मांडायचा, खरं बिल जसं बनतं तसा. B10 पासून B14 पर्यंत करपात्र रक्कम, कर, बिल, हातात राहिलेली रक्कम आणि मार्जिन:

```
=ROUND(B9*(1-B3),2)
=ROUND(B10*B5,2)
=B10+B11
=B10-B12*B4
=(B13-B1-B2)/B13
```

करपात्र रक्कम ७३.१५, कर १३.१७, बिल ८६.३२. त्यावर २ टक्के सीडी १.७३, म्हणजे आपल्याकडे राहिले ७१.४२. खर्च ६२.५० वजा केला की ८.९२ सुटले, म्हणजे १२.४९ टक्के. मागितलेल्या १२ पेक्षा थोडे जास्त आले ते भाव वर नेल्यामुळे. B14 मधला आकडा B6 पेक्षा कमी दिसला तर वर कुठेतरी चूक आहे, असं समजावं. या सेलला Conditional Formatting लावून B6 पेक्षा कमी असताना तो लाल होईल असं करून ठेवलं, तर फोनवर बोलता बोलताही नजरेतून सुटत नाही.

`ROUND` इथे शोभेला नाही. सेलचा फॉरमॅट दोन दशांशांचा केला तर ७२.६७५ हा आकडा पडद्यावर ७२.६८ दिसतो, पण पुढच्या गुणाकारात ७२.६७५ च जातो. शीटवरचं बिल आणि छापलेलं बिल यांत पैशांचा फरक पडतो तो यामुळे.

टक्क्यांच्या सेलमध्ये आणखी एक धोका असतो. सेल आधीच टक्क्यांच्या फॉरमॅटमध्ये असेल तर ५ टाइप केल्यावर ५ टक्के होतात. साध्या सेलमध्ये तेच ५ म्हणजे ५०० टक्के, आणि भाव उणे येतो. उणे भाव निदान लगेच दिसतो. सीडीच्या जागी चुकून २० टक्के पडले तर उत्तर खरं वाटेल असं येतं. Data Validation मध्ये Decimal निवडून सुटीला 0 ते 0.6 आणि सीडीला 0 ते 0.05 अशी मर्यादा घालावी. सूत्रांच्या सेलना Protect Sheet ने कुलूप लावावं. आधी B1 ते B7 निवडून Format Cells मधली Locked ही खूण काढायची, नाहीतर भरायच्या सेलनाही कुलूप बसतं.

जीएसटीचा दर सूत्रात 18% असा कधीच लिहू नये, तो सेलमधूनच यावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची फेररचना झाली तेव्हा सोलर पॅनेलवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ज्यांच्या शीटमध्ये शंभर सूत्रांत 12% लिहिलेलं होतं, त्यांना एकेक शोधावं लागणार हे उघड आहे. वस्तू, एचएसएन कोड आणि दर असा छोटा तक्ता वेगळ्या शीटवर ठेवावा आणि B5 ने तिथून दर उचलावा. `XLOOKUP` नव्या एक्सेलमध्येच आहे. २०१६ किंवा २०१९ च्या प्रतीत ते `#NAME?` दाखवतं. तिथे `VLOOKUP` चालतं, फक्त शेवटी `FALSE` लिहायला विसरू नये. नाहीतर नाव तंतोतंत जुळलं नाही तरी ते भलत्याच ओळीचा दर आणून देऊ शकतं आणि तक्रारही करत नाही.

पार्टी महाराष्ट्रातली असेल तर कर सीजीएसटी आणि एसजीएसटी असा अर्धा-अर्धा, विजयपूर किंवा कलबुर्गीची असेल तर सगळा आयजीएसटी. एकूण कर तोच राहतो, त्यामुळे मार्जिनला धक्का लागत नाही. जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. साध्या विक्रीत त्यावरून वाटणी करता येते. D4 मध्ये पार्टीचा नंबर असेल तर:

```
=IF(LEFT(D4,2)="27",B11/2,0)
```

यातल्या 27 भोवतीची अवतरणचिन्हं काढली तर `LEFT` ने दिलेली अक्षरं आणि आकडा कधीच जुळत नाहीत, आणि पंढरपूरचं बिलही आयजीएसटीचं होऊन बसतं.

राहिलं जाण्याचं भाडं. ते बिलात वेगळं लावायचं असेल तर कराच्या वर, मालाच्या रकमेत मिळवून लावावं. विक्रेत्याने मालाबरोबर आकारलेलं पॅकिंग आणि भाडं जीएसटी कायद्याप्रमाणे मालाच्या मूल्यातच धरतात, त्यामुळे १८ टक्क्यांच्या मालाबरोबरच्या भाड्यालाही १८ टक्केच लागतात. कर लावून झाल्यावर खाली ‘भाडं १३०’ अशी ओळ जोडणं चूक आहे. ‘टू पे’ बिल्टी केली आणि पार्टीने स्वतःच ट्रान्सपोर्टला पैसे दिले, तर ते भाडं आपल्या हिशेबात येतच नाही. तेव्हा B2 मध्ये शून्य.

या मार्जिनमधून दुकानाचं भाडं, पगार, वीज आणि बुडीत उधारी अजून जायची आहे. दोन महिन्यांच्या उधारीवर गेलेल्या मालाचं व्याज तर या शीटला दिसतही नाही. वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर ते गुंतलेल्या रकमेच्या २ टक्के होतं, म्हणजे या बल्बवर सव्वा रुपया. उधारीच्या पार्टीला सीडी मिळत नाही, त्यामुळे तिच्यासाठी B4 शून्य करून हा सव्वा रुपया B2 मध्ये मिळवला तर हिशेब जवळपास खरा येतो.

शेवटी छोट्या ऑर्डरींचं बघू. १.३० रुपये भाडं हे पूर्ण कार्टनचं आहे. अक्कलकोटच्या दुकानदाराने वीसच बल्ब मागवले आणि पार्सलचे किमान ८० रुपये पडले, तर एका बल्बमागे भाडं ४ रुपये होतं. B2 मध्ये 4 टाका आणि B9 मध्ये सूत्राऐवजी ठरलेला 77 टाका, मार्जिन ८.७ टक्क्यांवर येतं. त्याच भावात १२ टक्के टिकवायचे तर बल्बमागे जास्तीत जास्त किती भाडं सोसेल, ते असं निघतं:

```
=B13*(1-B6)-B1
```

उत्तर १.६५ रुपये. ८० ला १.६५ ने भागलं की ४८.५, म्हणजे निदान ४९ बल्ब. बल्बचं कार्टन १०० चं असतं, म्हणून अक्कलकोटच्या पार्टीला अर्धं कार्टन, ५० नग, हीच किमान ऑर्डर सांगावी. त्याहून कमी हवे असतील तर बिल्टी टू पे.